स्लॅब अर्धा भरलाय आणि माथेरानवर वीज चमकतेय, काम थांबवायचं कधी?

पत्र: दादा, मी खारघरला तळोज्याच्या बाजूला एका टॉवरच्या साइटवर सेफ्टी सुपरवायझर आहे. ऑक्टोबर चालू झाला की रोज संध्याकाळी विजा. मागच्या स्लॅबला निम्मं काँक्रीट झालं आणि गडगडायला लागलं, मी थांबवा म्हटलं तर ठेकेदार म्हणाला शेजारच्या विंगवर विजेचा अरेस्टर आहे, काही होत नाही, आणि मधेच थांबलो तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये जॉइंट पडेल, त्याचे पैसे कोण देणार. काम चालूच राहिलं. आता सतराव्या मजल्याचा स्लॅब आहे, वर चाळीसेक माणसं असतील, शिवाय टॉवर क्रेन. थांबवायचं तर नक्की कधी, माणसं कुठे न्यायची आणि परत कधी चढवायची ते सांगा.

उत्तर:

दादा, आधी एक हिशोब करा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. तुमच्या साइटवर सुरक्षित जागी सगळ्यात उशिरा पोचणारा माणूस कोण आणि त्याला किती मिनिटं लागतात? तो क्रेन ऑपरेटर असणार. सतराव्या मजल्याचं काम चालू आहे म्हणजे केबिन साठ-सत्तर मीटरवर आली. हातातला लोड खाली ठेवायचा, हुक वर घ्यायचा, स्लूइंग ब्रेक सोडायचा म्हणजे वाऱ्यात बूम स्वतःहून फिरेल, मग मास्टच्या आतल्या शिडीने टप्प्याटप्प्याने उतरायचं, यात घाई करून चालत नाही, घसरला तर विजेची गरजच नाही. मला विचाराल तर पंधरा मिनिटं धरा. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, उद्या सकाळी कोरड्या हवेत त्याला एकदा उतरवा आणि मोबाइलवर वेळ लावा. जे येईल तो तुमचा आकडा.

आता पाऊस किती वेगाने येतो ते बघा. ढग ताशी तीसेक किलोमीटरने सरकतोय असं धरलं तर मिनिटाला अर्धा किलोमीटर. आणि वीज ढगाच्या बरोबर खालीच पडते असं नाही, पाऊस पडतोय तिथून दहा किलोमीटर लांब, कधी त्याहून लांबही पडते, डोक्यावर निळं आकाश असताना सुद्धा. म्हणून जगभर दहा किलोमीटर हा आकडा धरतात, वीज त्याच्या आत आली की माणूस उघड्यावर नको. म्हणजे तुमचा ऑपरेटर खाली येऊन आत बसेपर्यंत वीज दहा किलोमीटरच्या बाहेर असली पाहिजे. त्याला पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात ढग साडेसात किलोमीटर सरकला, दहा अधिक साडेसात म्हणजे साडेसतरा, थोडं हाताशी ठेवून वीस. क्रेन वीस किलोमीटरला बंद. स्लॅबवरची गँग जिन्याने पाच-सहा मिनिटांत खालच्या मधल्या थांब्यावर येते, तो थांबा पुढे सांगतो, त्यांचं गणित केलं तर तेरा किलोमीटर येतं, म्हणजे त्यांना थोडा जास्त वेळ मिळतो. बघा, एकाच साइटवर दोन वेगळे थांबे झाले. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते, एकच हूटर वाजवतात, सगळे पळतात आणि ऑपरेटर तेव्हा कुठे शिडीला पाय लावतो.

खारघरवाल्यांचं एक नशीब चांगलं आहे, वीस किलोमीटर म्हणजे कुठे ते नावानिशी सांगता येतं. तुमच्याकडून माथेरानचा डोंगर सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटर, बदलापूर तेवढंच, कल्याण तेवढंच. आणि ऑक्टोबरात ढग तयार होतात ते घाटाकडे, दुपारभर तापून वर चढतात आणि मग पूर्वेच्या वाऱ्याबरोबर संध्याकाळी आपल्या अंगावर येतात. तेव्हा माथेरान किंवा बदलापूरवर वीज दिसली की क्रेन उतरवा. पनवेलपर्यंत यायची वाट बघू नका, पनवेल तुमच्यापासून सात-आठ किलोमीटर आहे, तिथे वीज पडतेय म्हणजे तुम्ही उशीर केलेला आहे. मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पावसातही हेच, तेव्हा दिशेचा भरवसा कमी. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस धो धो असतो पण विजा त्या मानाने कमी, म्हणून लोकांना वाटतं पावसाळा संपला म्हणजे धोका संपला, आणि नेमकं तेव्हाच परतीच्या पावसात विजा चालू होतात.

दूरची वीज बघायची कशी? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं दामिनी अॅप आहे, ते तुमच्या जागेभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरची वर्तुळं दाखवतं आणि कुठे वीज पडली ते टाकतं. चाळीसच्या वर्तुळात ठिपके दिसायला लागले की सावध, वीसच्या कडेला आले की क्रेन. शिवाय हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा येतो, तो जिल्ह्याप्रमाणे असतो, आणि इथे बरेच जण फसतात कारण खारघर नवी मुंबईत म्हणून ठाण्याचा इशारा बघत बसतात, खारघर रायगड जिल्ह्यात आहे. तुम्ही दोन्ही जिल्हे बघा, ढग काही हद्द बघून येत नाही.

पण अॅपवर सगळं सोडू नका. नेट अडकतं, फोन बॅटरी संपून बसतो, आणि कधी कधी ढग लांबून येतच नाही, खारघरच्या टेकडीवर नाहीतर थेट तुमच्या डोक्यावर तयार होतो आणि पहिलीच वीज जवळ पडते. त्यामुळे अॅपच्या वरचा नियम हा की गडगडाट ऐकू आला की सगळ्यांचं काम बंद, अॅप काहीही म्हणो. गडगडाट फार तर पंधरा किलोमीटरवरून ऐकू येतो, शांत जागेत. तुमच्याकडे व्हायब्रेटर चालू, पंप चालू, खाली मिक्सर गाड्या रिव्हर्सचा भोंगा वाजवतायत, तिथे त्याच्या निम्म्या अंतरावरूनही कळणार नाही, आणि ऑपरेटर तर बंद केबिनमध्ये. म्हणजे तुम्हाला ऐकू आला तेव्हा वीज जवळच आहे असं धरून चाला. चमकल्यावर सेकंद मोजायचे, तीनाला एक किलोमीटर, तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत जायचं, ही जुनी रीत बरोबर आहे, पण साइटवर ती नीट जमत नाही कारण एकामागून एक चमका होतात आणि कुठल्या चमकेचा कुठला आवाज ते कळत नाही. मोजत बसण्यापेक्षा खाली चला.

यासाठी एक माणूस लागतो ज्याला त्या दिवशी दुसरं काहीच काम नाही. तुम्ही स्वतः नको, तुम्ही स्लॅबवर शंभर गोष्टींत असता. एखादा हुशार टाइमकीपर किंवा स्टोअरवाला घ्या, दुपारी एकपासून अंधार पडेपर्यंत तो पूर्वेकडे तोंड करून बसेल, पण उघड्या गच्चीवर नाही, सोळाव्या मजल्यावर आतल्या बाजूने. हातात फोन आणि वॉकीटॉकी. आणि त्याला थेट काम थांबवायचा अधिकार द्या, तुम्हाला विचारून नाही, ठेकेदाराला विचारून तर नाहीच. लेखी द्या आणि सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये सगळ्यांसमोर सांगा की आज हा म्हणेल तेव्हा थांबायचं. सांगताना हिंदीत सांगा, तुमची निम्मी लेबर झारखंड-बिहार-बंगालची असेल, "गरज सुनाई दी तो काम छोड़ो, औज़ार वहीं रखो, सीढ़ी से नीचे" एवढंच. औजार तिथेच ठेवा हे वेगळं सांगायचं, नाहीतर व्हायब्रेटर गुंडाळण्यात आणि ट्रॉवेल गोळा करण्यात पाच मिनिटं जातात.

आता अरेस्टरचं. ठेकेदाराला सांगा की अरेस्टर बिल्डिंग वाचवतो, तिच्याजवळ उघड्यावर उभ्या माणसाला वाचवत नाही. शेजारची विंग पूर्ण झालेली असेल, तिच्या गच्चीवर रॉड असेल, तो त्या विंगपुरता. आपला मानक आयएस/आयईसी ६२३०५ आहे, त्यात साध्या घरापासून जास्त महत्त्वाच्या जागेपर्यंत संरक्षणाचे चार वर्ग आहेत आणि प्रत्येकाला एका काल्पनिक गोळ्याची त्रिज्या दिलेली आहे, वीस, तीस, पंचेचाळीस आणि साठ मीटर. तो गोळा बिल्डिंगवरून लोळवायचा, जिथे जिथे तो टेकतो तिथे वीज पडू शकते. आता तुमच्या सतराव्या स्लॅबवर हा गोळा ठेवा, तो टेकतो कशाला? कॉलमच्या वर आलेल्या सळ्यांना, शटरिंगच्या पाइपांना, क्रेनच्या बूमला आणि उभ्या माणसाच्या डोक्याला. शेजारच्या विंगची गच्ची तुमच्या स्लॅबच्या पातळीला किंवा खाली असेल तर तिचा रॉड तुम्हाला काहीच झाकत नाही. बाजारात एक प्रकारचे रॉड मिळतात जे शंभर मीटरच्या घेऱ्यातलं सगळं वाचवतो असं सांगून विकतात. हा मानक तो वाढीव घेरा मानत नाही, धातूची प्रत्यक्ष उंची-लांबी जेवढी तेवढंच धरा असं म्हणतो. कुणी तसं ब्रोशर दाखवलं तर हे वाक्य पुढे ठेवा.

आणि समजा वीज क्रेनवरच पडली, माणसावर नाही, तरी काय होतं ते समजून घ्या. विजेने मरणाऱ्यांत थेट डोक्यावर पडून मरणारे अगदी थोडे असतात. जास्त लोक जातात ते जमिनीतून आलेल्या प्रवाहाने, वीज जवळ कुठे पडते, तो प्रवाह जमिनीत पसरतो आणि तुमचा एक पाय जवळ, एक लांब असेल तर दोन पायांतल्या फरकाने तो अंगातून जातो. काही जण जातात शेजारच्या उंच वस्तूवरून उडी मारून आलेल्या विजेने, काही हात धातूला लागलेला असताना. साइटवर हे तिन्ही एकत्र आहेत. ओला स्लॅब, खाली सळ्यांची जाळी, हातात व्हायब्रेटरची सुई, बाजूला पंपाची पाइपलाइन जी तळापासून वरपर्यंत सलग लोखंड आहे. वीज वर पडली तर खाली पंपापाशी उभा असलेला ऑपरेटर सुद्धा त्या लाइनला हात लावून असेल तर त्यात आला. म्हणून थांबवायचं म्हणजे फक्त स्लॅबवरचे नाहीत, पंपावरचे, परांचीवरचे, यार्डात बारा-बारा मीटरची सळई खांद्यावर घेऊन जाणारे, सगळे.

कुठे न्यायचं? सगळ्यात चांगलं ते पूर्ण झालेलं, भिंती-दरवाजे असलेलं, आत वायरिंग-पाइप असलेलं पक्कं बांधकाम. तुमची शेजारची विंग पूर्ण असेल तर तिचा तळमजला आजच रिकामा करून घ्या, सिमेंटच्या गोण्या हलवा. दुसरं, बंद पत्र्याचं वाहन, लेबरची बस, मिक्सर गाडीची केबिन, काचा वर, हात मांडीवर. वाचवतो तो टायरचा रबर नाही, वरचा लोखंडी सांगाडा वाचवतो, प्रवाह त्याच्या बाहेरून जातो, त्यामुळे रिक्षा, मोटरसायकल, टेम्पोचा उघडा हौदा यांत कुणाला बसवू नका. तिसरं, चारी बाजूंनी पूर्ण लोखंडी कंटेनर ऑफिस, दार लावून, भिंतीला न टेकता. फायबरची सिक्युरिटी केबिन नाही, प्लायवुडची पोर्टाकेबिन नाही, चार बल्ल्यांवर पत्रा टाकलेली शेड नाही, झाड तर नाहीच, आणि गेटबाहेरची चहाची टपरीही नाही, लेबर सुट्टी झाली की पहिली तिथेच जाते, मुकादमाला तिथे उभा करा.

पण सतराव्या मजल्यावरून चाळीस जणांना तळमजल्यापर्यंत न्यायला वेळ लागतो आणि साइटच्या लिफ्टने, म्हणजे होइस्टने न्यायचंच नाही. होइस्टचा मास्ट बिल्डिंगच्या बाहेरून उभा असलेला लोखंडाचा खांब आहे, वीज पडताना त्यात असणं म्हणजे सगळ्यात वाईट जागा. म्हणून एक मधला थांबा ठरवा, तीन-चार मजले खाली जिथे ब्लॉकच्या भिंती लागल्या आहेत, मजल्याच्या मधोमध, कडेपासून लांब. हे पूर्ण बिल्डिंगच्या तोडीचं नाही हे मी आधीच सांगतो, कॉलममधल्या सळ्यांतून प्रवाह खाली जात असतो आणि बाजू उघड्या असतात, पण उघड्या स्लॅबपेक्षा कैक पटीने बरं आहे आणि पाच मिनिटांत पोचता येतं. तिथे उभं राहायचं ते कॉलमला, पाइपला, लोंबकळणाऱ्या टेम्पररी केबलला, लिफ्टच्या डक्टला पाठ न लावता, आणि एकमेकांना चिकटून नाही. मी एका साइटवर काम थांबल्यानंतर गेलो होतो, थांबवलं वेळेत होतं, माणसं खाली उतरवली होती, आणि त्यातली सात-आठ जणं होइस्टच्या गेटच्या लोखंडी जाळीला धरून, हवा येते म्हणून, बाहेर बघत उभी होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की उतरल्यावर कुठे उभं राहायचं. खडूने मजल्यावर चौकोन आखा, यात बसायचं, सोपं आहे. आणि धोका अगदी जवळ नसेल तर तिथून जिन्याने पुढे तळमजल्याला उतरवा.

ऑपरेटर वरच अडकला तर? पहिल्याच विजेला डोक्यावर ढग असेल तर त्याला उतरवू नका. मास्टच्या शिडीवर असताना वीज पडण्यापेक्षा बंद केबिनमध्ये बसलेला बरा, दार-काचा बंद, हात मांडीवर, लिव्हर, रेडिओचा तार, दाराची कडी कशालाही हात नाही, क्रेनचा बेस आणि हुकाच्या खालचे रिगर लांब. हे त्याला आधी माहीत पाहिजे, त्या क्षणी वॉकीटॉकीवर समजावून सांगायला जमणार नाही.

परत कधी चढवायचं याचा नियम सरळ आहे, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं. एकोणतिसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडलं तर घड्याळ शून्यावर. पाऊस थांबला म्हणून नाही, ऊन पडलं म्हणून नाही. बरेच अपघात वादळ सरकून गेल्यावर, लोक बाहेर यायला लागतात तेव्हाच होतात, ढगाची शेपटी मागे असते. काम चालू करायचा शब्द एकाच माणसाचा, ज्याने थांबवलं त्याचाच. आणि क्रेन सगळ्यात शेवटी चढते.

आता ठेकेदाराच्या खऱ्या काळजीकडे येतो, जॉइंट आणि पैसे. त्याची काळजी खोटी नाही, पण तिचं उत्तर आदल्या दिवशी मिळतं, गडगडायला लागल्यावर नाही. समजा तुमचा स्लॅब एकशेवीस घनमीटरचा आहे आणि पंप तासाला पंचवीसेक घनमीटर टाकतो, म्हणजे पाच तास. मागच्या वेळी अकराला सुरुवात केली असेल तर संपायला चार वाजले आणि ढग तीन-साडेतीनला आला. सकाळी साडेसहाला पहिली गाडी लागली तर साडेअकरा-बाराला स्लॅब भरून झाला, फिनिशिंगसकट दोनच्या आत माणसं मोकळी. ऑक्टोबरात आणि मे महिन्यात विजेचा खेळ दुपारनंतर, त्यामुळे तयार काँक्रीट पाठवणाऱ्या आरएमसीवाल्याशी वेळ ठरवणं हेच सगळ्यात मोठं संरक्षण आहे आणि त्याला रुपया लागत नाही. सेंट्रिंग-सळई तपासणी मात्र आदल्या संध्याकाळी पूर्ण हवी, ती सकाळी राहिली की सगळं पुन्हा दुपारवर जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तरीही मधेच थांबावं लागलं तर काँक्रीट अर्धा-पाऊण तास सहन करतं, विशेषतः उशिरा घट्ट व्हावं म्हणून रिटार्डर घातलेलं असेल तर, प्लांटला त्या दिवसाचं मिक्स सांगताना हे सांगून ठेवा. आपल्या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे मिक्सर गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी व्हायला हवी, म्हणून इशारा आला की पहिला फोन प्लांटला, पुढची गाडी भरू नका, रस्त्यात आहेत त्या दोन गाड्यांचं काय करायचं तेवढंच बघू. पंप बंद करताना लाइनमध्ये किती वेळ माल ठेवता येतो ते पंपवाल्याला आदल्या दिवशी विचारा, जॅम झालेली लाइन उघडायला लोक उभे राहिले तर थांबवून उपयोग काय. आणि स्ट्रक्चरल इंजिनियरकडून सकाळी शटरिंगवर रंगाने दोन-तीन रेषा मारून घ्या, थांबायचं झालं तर इथे थांबा, साधारण स्पॅनच्या मधल्या भागात जिथे कातरबल कमी असतं, आणि तिथे लावायला स्टॉपरच्या फळ्या कापून तयार ठेवा. गडगडलं तर त्या क्षणी रेषेपर्यंत पोचायच्या नादाला लागायचं नाही, जिथे आहात तिथे सोडा. तासाभराने परत आलात आणि काँक्रीट अजून हलतंय, व्हायब्रेटर स्वतःच्या वजनाने आत जातोय, तर जॉइंट पडलाच नाही, पुढे चला. घट्ट झालं असेल तर इंजिनियरला बोलवा, वरची सिमेंटची साय वायर ब्रशने काढून, धुऊन नीट जॉइंट करता येतो. स्लॅबचा जॉइंट दुरुस्त होतो हे ठेकेदारालाही माहीत आहे.

पैशाचं एक मात्र तुम्ही लावून धरा. थांबलेल्या वेळेची हजेरी कापायची नाही, वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. घनमीटरवर किंवा फुटावर काम करणारी गँग असेल तर थांबणं म्हणजे त्यांच्या खिशाला चाट, मग तुम्ही पाठ फिरवली की चार जण फिनिशिंगला वर जाणार. त्यांना दोष देता येत नाही.

क्रेनचं अर्थिंग मात्र या आठवड्यात बघाच. मास्टच्या बेसपासून पट्टी बिल्डिंगच्या अर्थ रिंगला जोडलेली असते, कागदावर. प्रत्यक्ष जाऊन पट्टी बोटाने धरून शेवटपर्यंत चाला. तांब्याची पट्टी कापून नेलेली असते, प्लास्टरवाल्याने परांची लावताना नट सोडलेला असतो आणि परत कुणी लावलेला नसतो, पंपाच्या मागे चिखलात टोक लोंबत असतं. अर्थ पिटवर टेस्टर लावला तर दहा ओहमच्या आत रीडिंग येतं, सगळे खूश, आणि वर पट्टी तुटलेली असते, म्हणून पिटचं रीडिंग वेगळं आणि वरून खालपर्यंत सलगपणा तपासणं वेगळं, इलेक्ट्रिशियनला दोन्ही करायला लावा. बाहेरची परांची आणि होइस्टचा मास्टही त्याच रिंगला जोडून घ्या. आणि जिथे पट्टी जमिनीत उतरते त्याच्या तीन मीटरच्या आत विजा असताना कुणी उभं राहू नये, तिथे बॅरिकेड लावा, पंधरा सेंटिमीटर खडी पसरली तर आणखी चांगलं, पावलांतून जाणारा प्रवाह कमी होतो. तुमच्या साइटवर त्याच जागेवर लेबरच्या पाण्याचा पिंप ठेवलेला नाही ना तेवढं बघा, सावली असते म्हणून बऱ्याचदा तिथेच असतो.

आणि समजा कुणाला लागलीच, तर त्या माणसात करंट राहत नाही, लगेच हात लावा. आधी जागा बघा, वादळ डोक्यावर असेल तर त्याला ओढून आत घ्या. अनेक जण एकदम पडले तर ओरडणारा, हलणारा माणूस वाचणार आहे, जो निपचित आहे, श्वास नाही, त्याच्याकडे पहिल्यांदा जा, एरवीच्या अपघाताच्या उलट. विजेत हृदय थांबतं पण बऱ्याचदा स्वतःहून परत चालू होतं, श्वास मात्र उशिरा येतो, आणि त्या मधल्या मिनिटांत तोंडाने श्वास दिला नाही तर हृदय दुसऱ्यांदा थांबतं. म्हणून छाती दाबणं आणि श्वास देणं दोन्ही, एकजण १०८ ला फोन लावेल, बाकीचे आळीपाळीने दाबतील, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सोडायचं नाही. जो उठून बसला, बरा वाटतो म्हणतोय, त्यालाही ईसीजीला पाठवा. स्लॅबच्या आधी मुकादम आणि प्रत्येक गँगमधल्या दोघांना हे करून दाखवा, गोणीवर सराव करून घ्या.

स्लॅब पुढच्या आठवड्यात असेल तर क्रम असा ठेवा. उद्या ऑपरेटरला उतरवून वेळ मोजा, परवा पट्टी हाताने तपासा आणि शेजारच्या विंगचा तळमजला मोकळा करा, तेराव्या-चौदाव्या मजल्यावर खडूचे चौकोन आखा, स्लॅबच्या आदल्या दिवशी दुपारी एकदा सगळ्यांना खरंच हूटर वाजवून खाली आणा, आणि आरएमसीला साडेसहाची पहिली गाडी लेखी सांगा. ठेकेदाराने सकाळी सहाला लेबर येत नाही म्हटलं तर त्याला सांगा त्या दिवशी नाश्ता साइटवर द्या, मग येते.